शब्दचर्चा : लॅटिनमधला ॲब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट इंग्रजीत कसा उतरवावा?

मुळाक्षर
सीझरच्या गॉलच्या युद्धवृत्तान्तातलं, पहिल्या पुस्तकाच्या पंचविसाव्या प्रकरणातलं हे वाक्य बघा. इ.स.पू. 58, हेल्वेशियन टोळीशी लढाई:

*मिलितेस लोको सुपेरिओरे पिलिस मिस्सिस फाकिले होस्तिउम फालांगेम पेर्फ्रेगेरुंत. एआ दिस्येक्ता, ग्लादिइस देस्त्रिक्तिस इन एओस इम्पेतुम फेकेरुंत.*

सैनिकांनी भाले फेकून शत्रूची फळी फोडली, मग तलवारी उपसून चाल केली, एवढीच गोष्ट. पण शब्दशः केलं तर 'द जॅव्हलिन्स हॅविंग बीन थ्रोन', 'इट हॅविंग बीन स्कॅटर्ड', 'द स्वोर्ड्स हॅविंग बीन ड्रॉन' अशी रांग लागते. व्याकरणात चूक नाही, पण असं इंग्रजी कोणी लिहीत नाही. सुटसुटीत वाक्य करायची काही पद्धत आहे का?

सप्तमीप्रेमी
ही तर आपली सति सप्तमी! 'रामे वनं गते', तसंच हे. नाम आणि धातुसाधित एकाच विभक्तीत, बाकी वाक्याशी संबंध नाही. दर वेळी 'व्हेन' किंवा 'आफ्टर' लावा, प्रश्न मिटला.

तळटीप
साम्य खरं आहे, पण 'दर वेळी'वर अडतं. 'आफ्टर देअर स्वोर्ड्स हॅड बीन ड्रॉन, दे चार्ज्ड' असं केलं, तर तलवारी दुसऱ्याच कोणीतरी उपसल्यासारखं वाटतं.

फरक कुठे आहे ते सांगतो. संस्कृतात 'खड्गान् आकृष्य' म्हणता येतं आणि मराठीत 'तलवारी उपसून'. म्हणजे तोच कर्ता आधी एक क्रिया करतो, मग दुसरी. लॅटिनमध्ये भूतकाळासाठी असं कर्तरी रूप सामान्य धातूंना नाहीच, आहे ते कर्मणी : 'उपसलेल्या'. म्हणून जिथे संस्कृत क्त्वा-ल्यप् वापरतं, तिथेही लॅटिनला 'तलवारी उपसल्या गेल्या असता' असाच वळसा घ्यावा लागतो. लेखकाला कर्मणी अर्थ हवा असतो असं नाही, भाषेत दुसरी सोय नसते.

पुरावा त्याच परिच्छेदात, एक वाक्य मागे आहे. सीझर सैनिकांना धीर देतो तिथे 'कोहोर्तातुस सुओस' आलं आहे. हा डिपोनंट धातू, रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी. त्यामुळे तिथे ॲब्लेटिव्हची गरजच पडली नाही, सरळ प्रथमा आली. त्याच वाक्यात घोडे दूर नेले तेव्हा मात्र 'रेमोतिस एक्विस', कारण तो साधा धातू आहे.

म्हणून भाषांतराआधी एकच विचारा : ही क्रिया कोणी केली? मुख्य वाक्याच्या कर्त्यानेच केली असेल, तर मराठीत '-ऊन' बसेल आणि इंग्रजीत कर्तरी रूप चालेल : 'हॅविंग ड्रॉन देअर स्वोर्ड्स', किंवा त्याहून बरं, 'दे ड्रू देअर स्वोर्ड्स अँड चार्ज्ड'. कर्ता वेगळा असेल, तर मराठीत '-ल्यावर' किंवा 'असताना', आणि इंग्रजीत 'व्हेन', 'आफ्टर', 'सिन्स'.

वकिली बाणा
आमच्याकडे निकालपत्रांत 'मुतातिस मुतांदिस' येतं, ते हेच का? मराठीत आम्ही 'आवश्यक त्या फेरफारांसह' लिहितो. मग इंग्रजीतही सगळीकडे 'विथ' का नको?

तळटीप
हो, तेही हेच : 'जे बदलायला हवं ते बदललं असता'. 'रेबुस सिक स्तांतिबुस'ही हेच. पण 'विथ' तेव्हाच शोभतं जेव्हा ती क्रिया मुख्य घटनेची नुसती सोबत करते. 'विथ स्वोर्ड्स ड्रॉन' सुंदर आहे, कारण तलवारी हल्ला होईपर्यंत उपसलेल्याच राहतात. 'विथ द फॅलँक्स स्कॅटर्ड' म्हटलं की तो देखावा होतो. फळी फुटली म्हणूनच चाल करता आली, तो कार्यकारणाचा धागा सैल पडतो.

मुळाक्षर
मग 'एआ दिस्येक्ता'चं काय? फळी तर रोमन सैनिकांनीच उधळली. तुमच्या कसोटीने 'हॅविंग स्कॅटर्ड इट' यायला हवं.

तळटीप
चालेल, चूक नाही. पण आधीचं वाक्य 'फळी फोडली' इथेच संपलंय. लगेच 'ती उधळून' म्हटलं की तेच परत सांगितल्यासारखं होतं. इथे लक्ष फळीच्या अवस्थेकडे आहे, म्हणून मी कर्मणीच ठेवेन : 'वन्स इट वॉज स्कॅटर्ड'. कर्त्याची कसोटी पहिली, पण एकमेव नाही.

माझा मसुदा : *द सोल्जर्स हर्ल्ड देअर जॅव्हलिन्स फ्रॉम द हायर ग्राउंड अँड ईझिली ब्रोक द एनिमी फॅलँक्स. वन्स इट वॉज स्कॅटर्ड, दे ड्रू देअर स्वोर्ड्स अँड चार्ज्ड.*

तीन ॲब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट, पण 'हॅविंग बीन' एकदाही नाही.

शेंडीफोड
चार नाहीत का? 'लोको सुपेरिओरे'ही नाम-विशेषणाची जोडीच आहे. धातुसाधित नसलं तरी चालतं, 'काएलो सेरेनो' म्हणजे 'आभाळ निरभ्र असताना'.

तळटीप
रचना तशी असू शकते, इथे नाही. 'जागा उंच असताना' असं वाचून बघा : कोणाची जागा, याचं उत्तर मिळत नाही. 'उंचावरून' वाचलं की लगेच बसतं. तो स्थानाचा साधा ॲब्लेटिव्ह आहे. परीक्षेत ही फसगत नेहमीची : ॲब्लेटिव्हची जोडी दिसली की 'हॅविंग बीन' चिकटवायचं.

धातुसाधिताविना येणारी खरी जोडी बघायची तर त्याच पुस्तकाचं सहावं प्रकरण घ्या. तारीख सांगताना 'पिसोने, गाबिनिओ कोन्सुलिबुस' येतं. 'असणे'चं वर्तमान धातुसाधित अभिजात लॅटिनमध्ये वापरात नाही, म्हणून दोन नामंच शेजारी ठेवली. 'पिसो अँड गाबिनिउस बीइंग कॉन्सल्स' नको. 'इन द कॉन्सुलशिप ऑफ पिसो अँड गाबिनिउस' लिहा.

सप्तमीप्रेमी
'असूनही' असा अर्थ असेल तर? संस्कृतात त्यासाठी सप्तमी सोडून षष्ठी घेतात, 'षष्ठी चानादरे'. लॅटिनमध्ये वेगळी विभक्ती आहे?

तळटीप
सूत्रातला 'च' विसरू नका, अनादरातही सप्तमी चालते : 'रुदति प्राव्राजीत्' किंवा 'रुदतः प्राव्राजीत्'. लॅटिनमध्ये मात्र ॲब्लेटिव्हच. खूण मुख्य वाक्यात शोधायची, बहुधा 'तामेन', म्हणजे 'तरीही'. *उर्बे काप्ता होस्तेस तामेन पुग्नाबांत* : 'ऑल्दो द सिटी हॅड बीन टेकन, द एनिमी फॉट ऑन'. 'तामेन' नसेल तर संदर्भ बघूनच ठरवावं लागतं.

शेंडीफोड
एक शंका उरतेच. 'पिलिस मिस्सिस' हा ॲब्सोल्यूट कशावरून? 'फेकलेल्या भाल्यांनी फळी फोडली' असा सरळ करणाचा ॲब्लेटिव्ह का नको? फळी भाल्यांनीच तर फुटली.

तळटीप
नको असं म्हणता येणार नाही. लॅटिनमध्ये करण आणि ॲब्सोल्यूट दोन्ही एकाच विभक्तीत पडतात, आणि रूपावरून इथे फरक कळत नाही. पुढे 'ग्लादिइस देस्त्रिक्तिस' तशाच साच्यात आहे, म्हणून मी दोन्ही एकसारखे वाचतो. पण 'विथ अ व्हॉली ऑफ जॅव्हलिन्स' असं कोणी केलं तर मी गुण कापणार नाही.

शेंडीफोड
मी मात्र 'व्हॉली'च ठेवेन. 'हर्ल्ड अँड ब्रोक' म्हटलं की भाल्यांचा फळीशी संबंध वाचकावर सोडल्यासारखा होतो.