केडीआर की चयापचयी प्रतिकार?

> पायरेथ्रॉइडने डास मरत नसतील, तर केडीआर की चयापचयी प्रतिकार हे कसं ओळखायचं?

केडीआरमध्ये म्युटेशनमुळे कीटकनाशकाचं लक्ष्यच बदलतं; चयापचयी प्रतिकारात डासाची एन्झाइमं विष मोडून टाकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांताचं उदाहरण घ्या. १९९६ साली दक्षिण आफ्रिकेने फवारणीत डीडीटी सोडून डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड घेतलं. पुढे मलेरिया भडकला, अ‍ॅनोफेलिस फ्युनेस्टस हा मलेरिया पसरवणारा डास घराघरांत परतला. हे डास पायरेथ्रॉइडला जुमानत नव्हते, पण डीडीटीने मरत होते. खरी मेख इथेच आहे: दोन्हींचं लक्ष्य चेतापेशीतला सोडियम चॅनेलच. एल१०१४एफसारखं केडीआर म्युटेशन असतं, तर डीडीटीचाही प्रभाव घटला असता. म्हणून संशय विष मोडणाऱ्या पी४५० एन्झाइमांवर जातो.

पडताळायला डास आधी तासभर पी४५० रोखणाऱ्या ४% पीबीओच्या कागदावर ठेवतात, मग पर्मेथ्रिन या पायरेथ्रॉइडच्या, आणि २४ तासांनी मेलेले मोजतात. पी४५० रोखल्यावर जवळपास सगळे मेले, तर प्रतिकार मुख्यतः चयापचयी. मृत्यू थोडेच वाढले, तर केडीआरचं जीनोटायपिंगही करा. दोन्ही यंत्रणा एकाच डासात असू शकतात.