क्लॉबॅकची रक्कम: ग्रॉस की हातात आलेली?

"रिटेन्शन बोनस ३ लाख, तीन हप्त्यांत. पहिला १ लाख जानेवारीअखेर मिळाला. मे महिन्यात सोडलं तर किती परत द्यावे लागतील?"

बोनसच्या पत्रात क्लॉबॅकच्या, म्हणजे परतफेडीच्या कलमात 'ग्रॉस', म्हणजे कर कापण्याआधीची रक्कम, असा शब्द आहे का, ते आधी बघा. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कंपनीत मी यातच अडकलो होतो. माझा स्लॅब ३० टक्के, सेस धरून ३१.२. म्हणजे १ लाखातले ६८,८०० हातात आले. मे अखेर सोडलं, तर मागणी पूर्ण १ लाखाची! ३१,२०० माझ्या नावाने सरकारजमा झाले होते, तरी ते मीच खिशातून भरायचे.

आर्थिक वर्ष तेच असतं, तर वसुली फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात दाखवून पगारातून वजा करता आली असती आणि टीडीएसही तेवढा कमी झाला असता. ३१ मार्च उलटला, फॉर्म १६ निघाला, मग एचआरच्या हातात काही राहत नाही.

दुसरं, प्रो-राटा, म्हणजे उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतफेड. अट हप्ता मिळाल्यापासून १२ महिन्यांची असेल आणि तुम्ही ४ महिने पूर्ण केले असतील, तर प्रो-राटा कलमाने ८ महिन्यांचेच, म्हणजे ६६,६६७ रुपये लागतात. कलम नसेल तर सगळा लाख. उरलेले दोन हप्ते बहुतेक पत्रांत राजीनाम्याबरोबर जातातच.

महिने राजीनाम्याच्या तारखेपर्यंत मोजतात की शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. नोटीस ६० दिवसांची असेल तर यातच सुमारे १६,७०० रुपयांचा फरक पडतो.