नव्वद टक्के जुळणीमागचं गणित

"दोन निरीक्षकांच्या नोंदी ९० टक्के जुळल्या, मग मुलांच्या वर्तनाची पडताळासूची विश्वासार्ह झाली ना?"

तेवढ्यावरून नाही. आम्ही दोघींनी एकाच मुलाच्या दर १५ सेकंदांनी, १० मिनिटांत ४० नोंदी केल्या. 'जागेवरून उठणे' ही खूण दोघींच्या कागदावर एकाच वेळी फक्त २ दा पडली. शिवाय प्रत्येकीच्या एकटीच्या २ खुणा. उरलेले ३४ रकाने दोघींचे रिकामे. म्हणजे जुळणी ४० पैकी ३६, बरोबर ९० टक्के. पण निदान एकीने तरी खूण केलेले रकाने ६, आणि त्यांतले जुळलेले २च! क्वचित घडणाऱ्या वर्तनात रिकामे रकानेच आकडा फुगवतात.

घोळ व्याख्येत होता. बाकावर गुडघे टेकणं एकीला उठणं वाटे, मागे वळताना अर्धवट उचललं जाणं दुसरीला. 'बैठक बाकापासून पूर्ण सुटली तरच खूण' असं लिहून मगच पुन्हा निरीक्षणाला बसलो.