अनुभव धागा: कॅप्शन घरचं, हॅशटॅग दुकानाचे

शिवाजी पेठेतली लेक

मागच्या रविवारी आईनं पांढरा रस्सा केला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ती पहिल्यांदा ओट्यापाशी उभी राहिली होती, म्हणून मी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. फोटोत पातेलं, तिचा हात आणि ओट्याला टेकवलेली काठी. कॅप्शन लिहिलं, "सहा महिन्यांनी आईच्या हातचा पांढरा रस्सा." आणि फोनमध्ये जपून ठेवलेला गठ्ठा सवयीनं खाली चिकटवला:

#kolhapurifood #instafood #homemade #viral #trending

संध्याकाळपर्यंत तीन अनोळखी लोकांनी पार्सलचा दर विचारला. आत्याचा फोन आला, "मेस काढलीस आणि आम्हाला सांगितलं पण नाहीस?" काठीबद्दल एकानंही विचारलं नाही, आणि फोटो तर त्या काठीसाठीच होता. मला फार लागलं ते.

तुमच्या घरगुती कॅप्शनला कुठले हॅशटॅग शोभले, कुठले खटकले? सविस्तर लिहा.

गुजरीतला लिहिणारा

गुजरीतल्या दोन सराफी पेढ्यांच्या आणि एका साडी दुकानाच्या पोस्ट मी लिहितो. तिथं हॅशटॅग निवडताना एकच विचार असतो, गिऱ्हाईक शोधताना काय टाइप करेल? म्हणून मालाचं नाव आणि गावाचं नाव जोडायचं. #kolhapurisaaj हे दुकानाला अगदी बरोबर. तुमचा #kolhapurifood त्याच साच्यातला आहे. #homemade म्हणजे घरी केलेलं हे खरं, पण तो शब्द आता लोणची, लाडू, मसाले विकणाऱ्यांनी इतका वापरलाय की वाचणारा पुढं दर शोधतो. आत्याबाईंचं चुकलं नाही.

मी घरच्या फोटोला टॅग लावण्याआधी तो शोधून उघडतो आणि वरचे नऊ-दहा फोटो बघतो. त्यात दर, फोन नंबर, 'ऑर्डरसाठी मेसेज करा' असं दिसलं की तो टॅग आपला नाही. दुसरं म्हणजे, कॅप्शनमध्ये आलेलं टॅगमध्ये परत सांगायचं नाही. तुमच्या वाक्यात आई आहे, रस्सा आहे, सहा महिने आहेत. काठी नाही. मग टॅग काठीचा ठेवा. मी असतो तर एवढंच लिहिलं असतं:

सहा महिन्यांनी आईच्या हातचा पांढरा रस्सा.
#काठी_ओट्याला_टेकवून

हा टॅग जगात दुसऱ्या कुणी वापरलेला नसेल, त्यामुळं तो शोधून कुणी येणार नाही. पण वाचणाऱ्याची नजर काठीकडं जाईल, आणि तुम्हाला तेच हवं होतं.

रीचवाला राजारामपुरी

मला नाही पटत. इतकी वर्षं तीस टॅगची मुभा होती, ती काय उगीच? लोकांपर्यंत पोचायचंच नसेल तर टाकायचं कशाला? फक्त #viral, #trending सोडा, त्या गर्दीत आपला फोटो कुणाला दिसत नाही. लहान टॅग घ्या, तिथं दिसायची शक्यता तरी असते.

गुजरीतला लिहिणारा

लहान टॅगचं बरोबर बोललात. पोचण्याचं मात्र तसं नाही. हॅशटॅगनं पोच फारशी वाढत नाही, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगितलंय. आणि खातं प्रायव्हेट असेल तर कितीही टॅग लावा, बाहेरच्याला त्या टॅगखाली तुमचा फोटो दिसतच नाही. तिथं टॅग वाचणार ते तुमचे पाहुणे आणि मैत्रिणीच. मग त्यांच्याशी बोलल्यासारखा असू दे.

मास्तर, निवृत्त

मी मराठीतच टॅग लिहितो आणि सुरुवातीला फार अडखळलो. वाक्याच्या मधेच टॅग घालायचा मोह होतो. "संध्याकाळी #रंकाळा वर नातीबरोबर" असं मी लिहिलं होतं. वाचायला किती ओबडधोबड! आपण 'रंकाळ्यावर' म्हणतो. पण #रंकाळ्यावर लिहिलं की तो वेगळाच टॅग होतो, #रंकाळा उघडणाऱ्याला तो दिसत नाही. #कोल्हापूर आणि #कोल्हापुरात यांचंही तेच. इंग्रजीत शब्द तसाच राहतो म्हणून त्यांना मधे घालता येतो, आपला शब्द विभक्ती लागली की बदलतो. तेव्हापासून वाक्य सरळ मराठीत पुरं करतो आणि टॅग शेवटी, मूळ रूपात: "संध्याकाळी रंकाळ्यावर नातीबरोबर. #रंकाळा"

आणखी एक. #आजी-आजोबा लिहिलं तर फक्त 'आजी' निळं झालं. आडवी रेघ आली की टॅग तिथंच तुटतो, खालची रेघ चालते. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळं तीन शब्द सलग जोडले तर डोळ्याला फोड करता येत नाही. #आजी_आजोबा वाचता येतं.

उद्यमनगरचा पुतण्या

माझ्या काकांना मी लग्नाच्या फोटोत टॅग केलं, तर त्यांच्या हापिसातल्या सगळ्यांना दिसलं आणि काका आठवडाभर बोलले नाहीत. टॅग करताना विचारून करा.

मास्तर, निवृत्त

बाळा, ते माणसाला टॅग करणं, @ लावून. इथं # चं चाललंय. पण विचारून करावं हे खरंच.

तालमीतल्याचा नातू

आजोबा गेले त्या दिवशी त्यांचा लंगोट लावलेला तरुणपणचा फोटो टाकला. चाळीस वर्षं त्यांनी तालमीत पोरं घडवली. मी लिहिलं, "आमचे वस्ताद गेले," आणि खाली #wrestling #fitness #gym #motivation. रात्री बघतो तर प्रोटीन पावडर विकणाऱ्या दोघांच्या कमेंट, "पंचवीस टक्के सूट". आजोबांच्या फोटोखाली! मी रडत रडत त्या उडवल्या आणि सगळे टॅग काढले. वर्षश्राद्धाला तोच फोटो परत टाकला, फक्त #लाल_माती लावून. तालमीतल्या जुन्या पैलवानांनी खाली एकेक आठवण लिहिली. टॅगमुळं लिहिली असं मी म्हणत नाही. पण त्या फोटोखाली दुसरं काही आलं नाही.

कळंब्याची

माझी चूक वेगळी आहे. बहिणीनं आणि मी मिळून दिवाळीचा किल्ला केला, पन्हाळ्याचा. मिळून केला म्हणून #collab लिहिलं. किल्ल्यावर ठेवलेले मावळे एका दुकानातून आणले होते, त्या दुकानाचं नावही मी कौतुकानं घातलं होतं. मैत्रिणीनं विचारलं, "किती पैसे दिले त्यांनी?" मग कळलं की जाहिरात ओळखू यावी म्हणून २०२१ मध्ये अ‍ॅस्की या संस्थेनं जे शब्द ठरवून दिलेत, त्यात कोलॅबरेशनही आहे. म्हणजे मी आपणहून ती जाहिरात आहे असं सांगत होते. आता #ताईचा_बुरुज आहे. बुरुज तिनंच बांधला होता.

रीचवाला राजारामपुरी

मग जोतिबाच्या यात्रेच्या फोटोला #चांगभलं लावतो ते पण काढू काय? तिथं तर हजारोंचे फोटो असतात.

मास्तर, निवृत्त

ते कशाला काढायचं? चांगभलं आपण तिथं तोंडानं म्हणतोच की. मी टॅग आधी मोठ्यानं म्हणून बघतो. #चांगभलं म्हणता येतं, #instafood घरात कुणी म्हणेल काय?

गुजरीतला लिहिणारा

हे मात्र माझ्या दहा फोटोंच्या कसोटीत बसत नाही. यात्रेच्या दिवसांत त्या टॅगखाली दुकानांच्याही पोस्ट येत असणार. तरी मीसुद्धा तो काढणार नाही.

शिवाजी पेठेतली लेक

सगळ्यांचे आभार. काल जुने टॅग काढले आणि #काठी_ओट्याला_टेकवून लिहून आईला दाखवलं. ती वाचून गप्प बसली. मग म्हणाली, "काठी कशाला सांगतीस गं लोकांना? रस्सा झाला म्हणून सांग की." तोही काढला. आता नुसतं कॅप्शन आहे, खाली काही नाही. फोटोतली काठी मात्र तिनं राहू दे म्हटलं.