मदत हवी आहे: घामट हवेत घड्याळाला कोणता पट्टा?

मंडळी, डोंबिवलीहून लोकलने ऑफिस आणि संध्याकाळी बॅडमिंटन, दोन्हीकडे माझं एकच घड्याळ असतं. पट्ट्याची रुंदी 20 मिमी.

मूळचा चामड्याचा पट्टा एका पावसाळ्यातच गेला. अस्तर काळं पडलं, भोकांपाशी चिरा गेल्या, आणि वास तर विचारूच नका. मग सिलिकॉनचा घेतला. तो नळाखाली धुता येतो, पण खाली घाम कोंडून मनगटावर लाल चट्टा उठला. एक भोक सैल केलं आणि खेळून आल्यावर पट्टा धुऊन, मनगट कोरडं करून घातला, तेव्हा चट्टा ओसरला. म्हणजे दोष सिलिकॉनपेक्षा साठलेल्या घामाचा असावा.

आता ऑफिससाठी स्टीलची चेन घ्यावी म्हणतो. अडचण एकच: दुपारी उकाड्यात मनगट फुगतं. एक कडी काढली तर चेन रुतते, ठेवली तर सकाळी घड्याळ गरागरा फिरतं. क्लास्पच्या छिद्रांत पिन सरकवून जमतं, पण रोज टोचणी घेऊन कोण बसणार?

बिनहत्याराने सैल करता येणारा क्लास्प कुणी वापरलाय का? आणि खेळायला नायलॉनचा पट्टा घेतला, तर घामाने भिजलेला रात्रीत वाळतो का, की पावसाळ्यात सकाळीही ओलाच असतो?