मदत हवी आहे: वारानुसार कामं लावायची आहेत, पण तारखेची कामं मध्ये येतात. घडी कशी बसवावी?

मरोळची_विनया

नमस्कार मंडळी. पॅकिंग मटेरियलच्या कंपनीत मी ऑपरेशन्स सांभाळते. ऑफिस मरोळला, गोदाम भिवंडीजवळ काल्हेरला. आमची कंपनी मध्यम आकाराची, त्यामुळे हिशेबाची देखरेख, भरती आणि हजेरी, गोदाम, सप्लायरची बिलं, ग्राहकांच्या तक्रारी हे सगळं माझ्याच टेबलावर येतं. दिवसभर या फाइलवरून त्या फाइलवर उड्या मारण्यात डोकं शिणतं, म्हणून प्रत्येक वाराला एक काम लावलं आहे. सोमवार हिशेब, मंगळवार माणसं, बुधवार गोदाम, गुरुवार सप्लायर, शुक्रवार ग्राहक. शनिवारी अर्धा दिवस राहिलेलं काम.

सोमवार आणि बुधवार छान जातात. बाकीचे वार मोडतात. पीएफची १५ तारीख मंगळवारी आली की मुलाखती बाजूला पडतात. शुक्रवारी सप्लायरचा फोन आला आणि मी "गुरुवारी बघते" म्हटलं की समोरचा नाराज होतो, आणि त्याचंही बरोबर असतं. वार तसेच ठेवून हे कसं सांभाळायचं? कोणी प्रत्यक्ष चालवलं असेल तर सांगा.

पवईचा_स्टार्टअपवाला

ताई, कडक राहा. जॅक डॉर्सी २०११ च्या सुमारास ट्विटर आणि स्क्वेअर अशा दोन कंपन्या एकाच वेळी वारांवर चालवायचा. सोमवारी व्यवस्थापन, मंगळवारी प्रॉडक्ट, बुधवारी मार्केटिंग, असं. मंगळवार माणसांचा तर दिवसभर फक्त माणसं, दुसरं काही उघडायचंच नाही. एकदा सूट दिली की सगळं सैल पडतं.

ठाण्याचा_जुना_मॅनेजर

डॉर्सीचं उदाहरण खरं आहे, पण तो दोन्हीकडे अगदी वरच्या पदावर होता. बाकीचे त्याच्या वाराप्रमाणे थांबायचे. विनयाताईंसाठी सप्लायरही थांबणार नाही आणि पीएफचं पोर्टलही नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये बरीच वर्षं असंच काम केलं आहे. वार लावण्याआधी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे आज हुकलं तर पुढच्या त्याच वारापर्यंत थांबेल का? सप्लायरचंच घ्या. समजा माल सोमवारी उतरवून घेतला, पण चलन-बिल तुमच्या टेबलावर शुक्रवारी आलं. कालचा गुरुवार गेला. पुढचा गुरुवार म्हणजे माल घेतल्यापासून दहावा दिवस. त्या गुरुवारी सुट्टी आली किंवा पावसात लोकल बंद पडल्या, तर त्याच्या पुढचा गुरुवार सतरावा. हा सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल आणि त्याच्याशी लेखी करार नसेल, तर कायद्याने पैसे १५ दिवसांत द्यायचे असतात. म्हणजे तुमचा एकच हुकलेला गुरुवार मुदत ओलांडतो. मार्चच्या शेवटी असं झालं, तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही.

माझं मत: बिल तपासणी गुरुवारीच ठेवा, पण आलेलं बिल सोमवारच्या हिशेबाच्या वेळातही पुढे सरकलं पाहिजे. भरती, सप्लायरशी दराची बोलणी, महिन्याचा अहवाल ही कामं आठवडाभर थांबतात, म्हणून ती वाराला शोभतात. ग्राहकाची तक्रार थांबत नाही. तिला रोज दुपारी तासभर द्या. शुक्रवारी त्या तक्रारी पुन्हा पुन्हा का येतात, तेवढंच बघा.

आणि वार म्हणजे अख्खा दिवस नव्हे. साडेदहा ते एक एवढाच वेळ त्या वाराचा. दुपारनंतर जे येईल ते.

कांदिवली_लोकल

आमच्याकडेही स्टाफला वार लावले होते, सोमवारी अमुक टीम, मंगळवारी तमुक. मग साप्ताहिक सुट्टीवरून भांडणं झाली. आधी एचआरकडून लेखी घ्या.

मरोळची_विनया

@कांदिवली_लोकल, स्टाफचे वार नाहीत हो, फक्त माझ्या स्वतःच्या कामाचे.

@ठाण्याचा_जुना_मॅनेजर दादा, सतराव्या दिवसाचा हिशेब आमच्या बिलांवर लावून बघितला. दोन सप्लायर याच खाचेत बसतात. आजच करार लिहून घ्यायला सांगितलं. करार असला की ४५ दिवसांपर्यंत मुदत मिळते ना? पण मग १५ तारखेचं काय? ती तर दर महिन्याला वेगळ्या वाराला येते.

रोजमेळ

हो, लेखी करार असेल तर ठरलेली तारीख, पण ४५ दिवसांच्या पुढे नाही.

तारखेचं मी सांगतो, माझा धंदाच तो. तारीख वाराला बांधायची नाही, आधीच्या सोमवाराला बांधायची. ८ ते १४ या सात तारखांत दर महिन्याला एकच सोमवार येतो. पीएफ आणि ईएसआयचं चलन त्या सोमवारी तयार करून भरून टाका. मग १५ कुठल्याही वारी येवो, तुमचा मंगळवार मोकळा.

जीएसटीला मात्र हे सरळ लागत नाही. ३बी ची नेहमीची मुदत २० तारीख, म्हणून १३ ते १९ मधला सोमवार घ्यावा असं वाटेल. पण २बी विवरण १४ तारखेला येतं. सोमवार १३ ला आला तर जुळवायला हातात काहीच नाही, आणि पुढचा सोमवार थेट २० ला, म्हणजे शेवटच्या दिवशी. अशा महिन्यात मंगळवारचा, नाहीतर बुधवारचा सकाळचा वेळ मोडावा लागतो. तो महिना कोणता ते कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. टीडीएसच्या ७ तारखेचंही तसंच. सोमवार १ ला आला तर महिना बंद झालेला नसतो. टीडीएस मी वारात धरतच नाही.

काल्हेर_गोदाम

ताई, बुधवार गोदामाला चांगलाच आहे, शुक्रवार घेऊ नका. आमच्याकडे शुक्रवारी नमाजाच्या वेळी लोडिंग थांबतं आणि मग सगळ्या गाड्या एकदम लागतात. मॅनेजर नेमका तेव्हा आला तर कोणीच नीट बोलत नाही. मरोळहून घाटकोपर, ठाणे, बाळकुम, कशेळी असं येता ना? सकाळी लवकर निघा. एकदा आलात की फक्त स्टॉक मोजून परत जाऊ नका. पोरांची हजेरी, फाटलेल्या मालाचा निकाल, ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलणं, जे काम इथे उभं राहूनच होतं ते सगळं त्याच फेरीत उरका.

मरोळची_विनया

हे मला फार पटलं. काल्हेरच्या पोरांच्या मुलाखती मी मंगळवारी मरोळला बोलावून घेत होते, त्यांचा दिवस जायचा. आता बुधवारी तिथेच घेईन.

एक अडचण अजून आहे. आमचे मालक कधीही केबिनमध्ये बोलावतात आणि त्यांना कुठलाही विषय हवा असतो. सकाळचे अडीच तास त्यांच्यापासून कसे राखायचे?

ठाण्याचा_जुना_मॅनेजर

आदल्या संध्याकाळी त्यांना दोन ओळींचा मेसेज करा: उद्या सकाळी अमुक काम, तुमच्याकडून अमुक सही हवी. आमचे साहेब त्यामुळे त्याच विषयावर बोलवायला लागले.

पवईचा_स्टार्टअपवाला

आमच्या फाउंडरवर याचा काहीच परिणाम झाला नाही. शेवटी मीच सकाळचा वेळ घरून काढून साडेबाराला ऑफिसला जायला लागलो. ताईंना ते जमेल असं वाटत नाही.

मरोळची_विनया

घरून नाही जमणार, सह्या ऑफिसमध्येच होतात. मेसेजचं सोमवारपासून करून बघते. @रोजमेळ, ३बी चा सोमवार १३ ला येणारे महिने तुमच्याकडे खुणा करून ठेवलेले असतील तर इथे टाकाल का?