दोन ट्रोपोनिन नॉर्मल, मग पेशंटला घरी सोडायचं का?

रात्रपाळी: छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचं हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आल्याआल्या आणि दोन तासांनी करून घरी पाठवतात. मला ही घाई वाटते, रात्रभर ठेवायला काय हरकत आहे? तुमचं मत?

झटपट: अहो दुसरं तरी कशाला, पहिलंच ५ च्या खाली आलं की अटॅक नाही, विषय संपला. उगाच बेड अडवायचा.

कॅज्युअल्टीवाला: झटपट, अर्धं बरोबर आहे तुमचं. ट्रोपोनिन टी ५ च्या खाली आणि ईसीजी साफ असेल तर एकावर सोडता येतं, पण दुखणं सुरू होऊन तीन तास उलटलेले असले तरच. आमच्याकडे एक गृहस्थ दुखायला लागल्यावर ४० मिनिटांत पोचले, ईसीजीत काही नाही, ट्रोपोनिन ४. तुमच्या हिशोबाने ते घरी गेले असते. दोन तासांनी ११ आलं, रिपोर्टवर नॉर्मल १४ पर्यंत म्हणून ज्युनिअर डिस्चार्ज लिहायला बसला होता, मी म्हटलं आकडा बघू नकोस, फरक बघ. दोन तासांत ७ ने चढलाय, सोडायला फरक ४ च्या आत हवा. १० ने चढला असता तर सरळ अटॅक धरला असता, हा मधला. तिसरं सँपल लावलं, ३८. अटॅकच होता.

रात्रपाळी: म्हणजे माझंच खरं ना, ठेवलं म्हणून सापडला!

कॅज्युअल्टीवाला: दोन तासांच्या दुसऱ्या सँपलने सापडला हो, रात्रभर ठेवून नाही.

लेक: माझ्या आईची किडनी कमजोर आहे, तिचं ४१ आलं, आम्ही रडायलाच लागलो, मग दोन तासांनी ४२ आणि डॉक्टर म्हणे बहुतेक अटॅक नाही. ४१ नॉर्मल कसं??

कॅज्युअल्टीवाला: नॉर्मल नाहीच ताई. किडनीच्या पेशंटचं कायमच वर असतं, ताज्या अटॅकमध्ये ते हलतं, आईंचं हललं नाही. पण घरी सोडण्याच्या गटातही त्या बसत नाहीत, ठेवून घेतलं असेल तर योग्यच केलं.

रात्रपाळी: आणि अनस्टेबल अंजायनाचं काय? स्नायू मेलाच नाही तर ट्रोपोनिन वाढणार कसं, नळी ९० टक्के बंद असली तरी दोन्ही रिपोर्ट स्वच्छ.

कॅज्युअल्टीवाला: हे मान्य. चार पावलं चाललं की दुखतं असं जो सांगतो त्याला मी ३ आणि ३ आलं तरी सोडत नाही. दुसरी भीती म्हणजे वेळ. सँपल कधी घेतलं ते ट्यूबवर नीट लिहीत नाहीत, लॅबमध्ये पोचल्याची वेळ धरतात, मग दोन तासांचा फरक खरा सव्वा तासाचाच निघतो आणि वाढ कमी दिसते. शिवाय हे आकडे ट्रोपोनिन टीचे, आय करणाऱ्या मशीनला चालत नाहीत.

झटपट: इतकं सगळं बघायचं तर रात्रपाळी म्हणतो तसं ठेवलेलंच बरं की.

कॅज्युअल्टीवाला: आत्ता तर बेड अडवू नका म्हणत होता!